वॉचमनला कळलं कसं?

नौपाड्यात आमच्याकडे मावशी आली की मी तिच्या हातात कंट्रोलर देतो. पत्त्यांचा पेशन्स सोडला तर तिने कधी गेम खेळलेला नाही, म्हणून ती माझी सगळ्यात उपयोगी परीक्षक. मी गेली दोन वर्षं फावल्या वेळात एक लपाछपीचा गेम बनवतोय: तुर्भ्याच्या गोदामात रात्री शिरायचं आणि वॉचमनच्या नकळत हिशोबाची वही घेऊन बाहेर पडायचं. पडद्यावर सूचना एकही नाही. त्या कोणी वाचत नाही, आणि वाचल्या तरी पुढच्या खोलीपर्यंत लक्षात राहत नाहीत.

पहिल्या खेपेला मावशी सात वेळा पकडली गेली. दर वेळी ती आणखी काळोखात सरकायची. "अरे, अंधारात उभी आहे मी, दिसते कशी याला?" ती दिसत नव्हतीच. तिच्या पायाखाली पत्रा होता आणि तो वाजत होता.

उडी मारण्याच्या गेममध्ये खड्ड्यात पडलात, तर का पडलात ते समोरच दिसतं. इथे मात्र कारण वॉचमनच्या डोक्यात असतं. आत दोन वेगळे हिशोब चालतात. नजरेचा हिशोब असा, की वॉचमनसमोर पंख्यासारखा एक कोन धरायचा, माझ्याकडे तो 70 अंशांचा आहे. खेळाडू त्यात आला, की वॉचमनच्या डोळ्यांपासून त्याच्यापर्यंत सरळ रेषा टाकून मध्ये भिंत आहे का बघायचं. कानाचा हिशोब त्याहून सोपा. प्रत्येक पावलाभोवती एक वर्तुळ धरायचं, पत्र्यावर 9 मीटर त्रिज्येचं, गोणपाटावर 2 मीटरचं. वॉचमन त्या वर्तुळात असला की त्याला ऐकू आलं. जमिनीप्रमाणे पावलांचा आवाज बदलण्याची ही युक्ती 1998 च्या 'थीफ'मध्येही होती. 2012 च्या 'मार्क ऑफ द निंजा'ने ते वर्तुळ पडद्यावर काढूनच दाखवलं. मला ते काढायचं नव्हतं, म्हणून खोल्यांनाच शिकवायला लावलं.

माझी चूक अशी, की पहिल्याच खोलीत नजर आणि आवाज दोन्ही होते. पकडलं गेल्याची दोन कारणं संभवत असतील, तर खेळाडू आपल्या मनाला पटेल ते उचलतो, आणि बहुतेकांच्या मनात नजरच आधी येते.

आता पहिल्या खोलीत फक्त नजर आहे. जमिनीवर सगळीकडे गोणपाट, आणि लोखंडी जाळीच्या पलीकडे बॅटरी घेऊन फिरणारा वॉचमन. बॅटरीचा झोत म्हणजेच त्याचा कोन. झोतात आलात तर तो ओरडतो, पण जाळीमुळे येऊ शकत नाही. त्याची फेरी 10 सेकंदांची आहे. आधी 30 ची होती. नवखा माणूस साधारण दोन फेऱ्या बघितल्याशिवाय पाऊल टाकत नाही, आणि मिनिटभर नुसतं बघत बसायला कोणाला धीर असतो?

दुसऱ्या खोलीत वॉचमन भिंतीकडे तोंड करून चहा पितोय, पुन्हा जाळीपलीकडेच. दारातून आत येताना पत्र्यावर पाय पडतोच, दुसरी वाटच नाही. खडाड्! त्याची मान वळते, मग बॅटरी, मग "कोण आहे रे?" हा क्रम महत्त्वाचा. मान वळली तेव्हा त्याची पाठ होती, म्हणजे दिसण्याचा प्रश्नच नाही. पुढे लांबची गोणपाटाची वाट आणि जवळची पत्र्याची. जाळी नसलेला वॉचमन तिसऱ्या खोलीत भेटतो.

तिसरीत गोणपाटच नाही. सगळा पत्रा, आणि वॉचमन वाटेपासून 5 मीटरवर. पण बाहेरून ठाणे-वाशी लोकल जाते. तिच्या धडधडीत 9 मीटरचं वर्तुळ 3 वर येतं. लोकल 12 सेकंद वाजते, पत्रा ओलांडायला 7 लागतात. खेळाडू दारात पोहोचला की पहिली लोकल लगेच जाते आणि तिच्या आवाजात वरचा डबा पडूनही वॉचमन ढिम्म राहतो. थोड्या वेळाने तसाच डबा शांततेत पडतो आणि तो वळतो.

शिकवण पोहोचली की नाही हे मी विचारून ठरवत नाही, कारण विचारलं की सगळे "समजलं" म्हणतात. पकडलं गेल्यावर माणूस पुढच्या खेपेला काय बदलतो ते बघतो. तेच पुन्हा केलं तर काही पोहोचलं नाही. भलतंच बदललं, मावशीच्या अंधारासारखं, तर चुकीचं पोहोचलं, आणि ते निस्तरायला जास्त जड जातं. बटणांपुढे मात्र ही पद्धत हरते. वाकण्याचं बटण कोणतं, हे अर्ध्या उघड्या शटरवरून कसं कळणार? तिथे मी बटणाचं चित्र दाखवतो.

दिवाळीत मावशीने तिन्ही खोल्या पार केल्या, लोकल आल्यावर बरोब्बर निघाली. चौथ्या खोलीत ती दाराशी थांबली आणि थांबूनच राहिली.

"काय झालं?"

"गाडी येऊ दे की."

चौथ्या खोलीत मी गाडी ठेवलीच नव्हती. ती खोली रुळांपासून लांब, गोदामाच्या मागच्या अंगाला होती. सध्या ती उचलून रुळांच्या बाजूला आणायचं काम चाललंय.