किल्ली तुमची, पण कुलूप कोण उघडतं?

क्लाउडमध्ये फाइल ठेवताना ‘किल्ली आमच्याच ताब्यात आहे’ असं सांगणारे दोघे जण पुष्कळदा दोन वेगळ्याच गोष्टी सांगत असतात. एकाने सेवेच्या सेटिंगमध्ये स्वतःची किल्ली निवडलेली असते. दुसऱ्याने फाइल आपल्या मशीनवरच एन्क्रिप्ट करून मग वर पाठवलेली असते. कागदावर दोन्ही ठिकाणी ‘ग्राहकाची किल्ली’ असंच लिहिलं जातं. खरा प्रश्न किल्लीच्या मालकीचा नाहीच. ती कुठे फिरवली जाते, हे बघायचं.

उदाहरणाला ॲमेझॉनची एस-थ्री ही फाइल साठवायची सेवा घेऊ. बकेटवर, म्हणजे फाइली ठेवायच्या कप्प्यावर, SSE-KMS हे सर्व्हरवरचं एन्क्रिप्शन लावलंय, किल्ली केएमएस या ॲमेझॉनच्याच किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेत तुम्ही तयार केली आहे, आणि `pagar-2025-03.csv` ही २० एमबीची फाइल चढवायची आहे. फाइल प्रवासापुरत्या टीएलएसच्या एन्क्रिप्टेड वेष्टनात निघते आणि एस-थ्रीच्या सर्व्हरवर पोचल्यावर ते वेष्टन सुटतं. एस-थ्री केएमएसकडे GenerateDataKey ही विनंती करते. उत्तरात एका नव्या डेटा-कीच्या दोन प्रती येतात: एक उघडी, दुसरी तुमच्या किल्लीने बंद केलेली. उघड्या प्रतीने फाइल एन्क्रिप्ट होते आणि ती प्रत मेमरीतून पुसली जाते. बंद प्रत फाइलसोबतच साठवली जाते. तुमची मूळ किल्ली केएमएसच्या हार्डवेअरबाहेर उघड्या रूपात येत नाही, हे खरं. पण तुमची फाइल मात्र त्यांच्या सर्व्हरच्या मेमरीत उघडी होती. डाउनलोड करतानाही तसंच होतं: कुलूप तेच उघडतात आणि मजकूर तुमच्याकडे धाडतात.

मग या किल्लीचा उपयोग काय? चांगलाच आहे. बकेट चुकून सार्वजनिक झाली, तरी किल्ली वापरायची परवानगी नसलेल्याला फाइल वाचता येत नाही. किल्ली कोणी कधी वापरली, त्याची नोंद क्लाउडट्रेल या ॲमेझॉनच्या नोंदवहीत राहते. आणि किल्ली बंद केली की वाचन थांबतं. हे शेवटचं स्वतः करून बघण्यासारखं आहे. फक्त चाचणीच्या बकेटवर करा, चालू कामाच्या नको.

```
aws kms disable-key --key-id KEY_ID
aws s3 ls s3://chachni-bucket/
aws s3 cp s3://chachni-bucket/pagar-2025-03.csv .
```

किल्ली बंद झाल्याचा परिणाम दिसायला थोडा वेळ लागू शकतो. मग तिसरी आज्ञा अडते, पण दुसरी सुखेनैव चालते: फाइलचं नाव, आकार, शेवटच्या बदलाची वेळ, सगळं समोर. म्हणजे ही माहिती तुमच्या किल्लीने कधी झाकलीच नव्हती. टॅग आणि स्वतः जोडलेला मेटाडेटाही तसाच. कोणत्या आयपीवरून कोणी फाइल मागितली, हेही पुरवठादाराला कळतंच. गंमत म्हणजे, केएमएसला वारंवार विचारणं टाळणारा बकेट-की हा पर्याय लावला नसेल, तर किल्लीच्या वापराच्या नोंदीतही फाइलचा पूर्ण पत्ता साध्या अक्षरांत उमटतो. फाइलच्या नावात रुग्णाचं किंवा आरोपीचं नाव घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसऱ्या पद्धतीत फाइल तुमच्याच मशीनवर एन्क्रिप्ट होते आणि एस-थ्रीला निव्वळ अगम्य बाइट्स मिळतात. ओळखायची खूण सोपी आहे. वेब कन्सोलमध्ये लॉगिन करून फाइल उतरवा आणि उघडा. पगाराचे आकडे दिसले, तर कुलूप सर्व्हरवर उघडलं. कचरा दिसला, तर तुमच्या मशीनवर उघडावं लागणार.

इथे एक बारीक फट राहते. एस-थ्रीचं एन्क्रिप्शन क्लायंट हे आपल्या मशीनवर चालणारं साधन वापरणारे बरेच जण डेटा-की केएमएसकडूनच मागवतात. मग ती जन्मते पुरवठादाराच्या हार्डवेअरमध्ये, आणि तिची बंद प्रत व फाइल दोन्ही त्यांच्याकडेच राहतात. एस-थ्रीला मजकूर दिसत नाही, हे खरंच. पण केएमएसवर विश्वास ठेवावाच लागतो. तोही नको असेल, तर मूळ किल्ली स्वतःच्या यंत्रणेत ठेवावी लागते. ती हरवली, तर मात्र फाइल कायमची गेली. केएमएसमध्ये किल्ली पुसायला सांगितलीत तरी किमान ७ दिवसांची मुदत मिळते, विचार बदलायला. स्वतःच्या डिस्कवरची किल्ली पुसली की मुदतबिदत काही नाही.

आणि इतकं करूनही नाव आणि आकार उघडेच राहतात. नावाच्या जागी अर्थहीन क्रमांक घालून खरी यादी आपल्याकडे ठेवता येते. आकार लपवणं मात्र जास्त कटकटीचं. एन्क्रिप्शनने फाइल काही बाइट्सनीच वाढते, त्यामुळे महिन्याची पगारयादी निम्म्यावर आली, तर न वाचताही अंदाज बांधता येतो.