व्याज जमा होतंय, तरी खातं निष्क्रिय का झालं?

नोकरी बदलली की जुन्या कंपनीचं पगाराचं खातं तसंच राहून जातं. दोन-तीन वर्षांनी एटीएममध्ये कार्ड घातलं की व्यवहार नाकारला जातो आणि शाखेत कळतं, "खातं इनऑपरेटिव्ह झालंय." पासबुकात तर दर तिमाहीला व्याजाची नोंद दिसते, मग खातं निष्क्रिय कसं?

रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2024 रोजी काढलेले आणि 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेले नियम सहकारी बँकांनाही लागू आहेत. बचत किंवा चालू खात्यात दोन वर्षांहून जास्त काळ खातेदाराने स्वतः केलेला किंवा त्याच्या सांगण्यावरून झालेला व्यवहार नसेल, तर ते खातं निष्क्रिय धरलं जातं. बँकेने जमा केलेलं व्याज किंवा कापलेलं शुल्क आणि कर यात मोजत नाहीत. मात्र मुदत ठेवीचं व्याज तुमच्या सूचनेनुसार बचत खात्यात येत असेल, तर ती नोंद धरली जाते. पैसे काढले-भरलेच पाहिजेत असंही नाही. बँकेच्या ॲपमध्ये यशस्वीपणे लॉगिन करणं, चेकबुक मागवणं, केवायसी अद्ययावत करणं हेही चालतं. वर्षातून एकदा ॲप उघडलं तरी काम भागतं, हे अनेकांना ठाऊकच नसतं. एकाच बँकेत दोन खाती असतील तर हिशेब प्रत्येक खात्याचा वेगळा होतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एकाने जुन्या पगार खात्यातून 14 मे 2023 रोजी एटीएममधून शेवटचे पैसे काढले. पुढे फक्त व्याज जमा होत राहिलं. म्हणजे 14 मे 2025 नंतर हे खातं निष्क्रिय झालं. आता तो नाशिकला राहतो. खातं पुन्हा सुरू करण्यासाठी पुण्याच्या शाखेत जायची गरज नाही, त्याच बँकेच्या कोणत्याही शाखेत केवायसी देऊन खातं सुरू करता येतं. बँकेकडे सोय असेल तर व्हिडिओ केवायसीनेही होतं.

सोबत खातं सुरू करण्याचा अर्ज (शाखेत छापील मिळतो), आधार, पॅन, एक फोटो आणि असेल तर पासबुक ठेवा. झेरॉक्सवर सही करा आणि मूळ कागद पडताळणीसाठी न्या. पॅन नसेल तर फॉर्म 60 भरून द्यावा लागतो. आधारऐवजी पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवानाही चालतो. संयुक्त खातं असेल तर कोणाकोणाच्या सह्या लागतील ते आधी विचारून घ्या.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. पहिलं म्हणजे पत्ता. ओळखपत्रावर पुण्याचाच पत्ता असेल, तर दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल तात्पुरतं चालतं, पण नव्या पत्त्याचं ओळखपत्र तीन महिन्यांत द्यावं लागतं. दुसरं म्हणजे सही. खातं उघडताना पूर्ण नावाची सही केली असेल आणि आता आद्याक्षरांची करत असाल, तर ती जुळत नाही. मग सही बदलण्याचा वेगळा अर्ज त्याच वेळी द्या. मोबाइल नंबर बदलला असेल तर तोही त्याच खेपेत बदलून घ्या, कारण खातं सुरू झाल्याचा निरोप त्याच नंबरवर येतो.

कागद पूर्ण असतील तर बँकेने तीन कामकाजाच्या दिवसांत काम करायचं असतं आणि त्यासाठी शुल्क घ्यायचं नसतं. म्हणून अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. खातं सुरू झालं की लगेच एखादी छोटी रक्कम काढून पाहा. पासबुकही भरून घ्या. खातं निष्क्रिय झाल्यानंतर किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड लावता येत नाही. आपल्या उदाहरणात सप्टेंबर 2025 मध्ये असा दंड कापलेला दिसला, तर तो परत मागण्याचा लेखी अर्ज द्यावा. 2024 मधला दंड मात्र या नियमाने परत मिळणार नाही, कारण तेव्हा खातं चालू होतं.

व्यवहार अडला म्हणजे खातं निष्क्रियच झालं असंही नाही. केवायसीची मुदत संपल्यानेही बँक व्यवहार रोखते, म्हणून नेमकं कारण विचारा. सरकारी योजनांचे पैसे किंवा शिष्यवृत्ती जमा होण्यासाठी उघडलेली शून्य शिल्लक खाती तर दोन वर्षं व्यवहार नसला तरी निष्क्रिय धरायची नाहीत, असं नियमच सांगतो. खातेदार हयात नसेल तर हा अर्ज उपयोगाचा नाही, वारसाला मृत्यूदाव्याचा अर्ज करावा लागतो.

दहा वर्षं खात्याला हात लागला नाही तर शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. तरीही पैसे बुडत नाहीत, दावा आपल्या बँकेतूनच करायचा. कोणत्या बँकेत खातं होतं तेच आठवत नसेल तर udgam.rbi.org.in वर नावाने शोधता येतं. बँकेने लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि तिथे अर्जाची शिक्का मारलेली ती प्रत जोडावी.