सर्व्हर लांब, प्रत जवळ: सीडीएनची पार्श्वभूमी

लंडनमधल्या सर्व्हरवरचं पान सिडनीत उशिरा उघडतं, तेव्हा लोक आधी बँडविड्थला दोष देतात. खरा अडसर बहुतेकदा अंतराचा असतो. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. ही दोन शहरं सुमारे १७,००० किलोमीटर लांब, म्हणजे केबल अगदी सरळ टाकली तरी जाऊन-येऊन एका फेरीला १७० मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबल वळसे घेत जातात, तेव्हा २५० धरू. त्यात जोडणी उघडायला टीसीपीची एक फेरी, ती सुरक्षित करायला जुन्या टीएलएस १.२ च्या दोन आणि पानाच्या मागणीची एक. चार फेऱ्यांत एक सेकंद जातो, आणि पडद्यावर अजून अक्षरही नसतं.

सीडीएन म्हणजे साइटच्या प्रती वाचकांजवळ ठेवणारं सर्व्हरांचं जाळं. प्रत जवळ ठेवावी हा विचार जुनाच. नव्वदच्या दशकात संस्था आणि इंटरनेट कंपन्या आपल्याकडे प्रॉक्सी कॅश, म्हणजे मागवलेल्या पानांच्या प्रती साठवणारे मधले सर्व्हर, चालवत. पण तिथे काय किती वेळ राहावं, यावर साइटवाल्याचा ताबा फारसा नव्हता. १९९७ साली एचटीटीपी १.१ मध्ये `Cache-Control` आलं आणि त्याला हे नेमकेपणाने सांगता येऊ लागलं.

त्याआधी १९९५ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी एमआयटीतल्या सहकाऱ्यांपुढे वेबवरच्या कोंडीचा प्रश्न मांडला होता. टॉम लेटन, त्यांचा विद्यार्थी डॅनी लेविन आणि इतरांनी त्यातून १९९७ मध्ये कन्सिस्टंट हॅशिंग मांडलं. मला या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. कुठली फाइल कुठल्या सर्व्हरवर, हे फाइलच्या नावावरून काढलेल्या आकड्याला सर्व्हरांच्या संख्येने भागून उरणाऱ्या बाकीवरून ठरवलं, तर दहाचे अकरा सर्व्हर होताच जवळजवळ सगळ्या फायलींची जागा बदलते आणि भरलेली कॅश वाया जाते. नव्या पद्धतीत सर्व्हर आणि फायली एकाच वर्तुळावर बसवतात, आणि प्रत्येक फाइल वर्तुळावर पुढे येणाऱ्या पहिल्या सर्व्हरकडे जाते. अकरावा आला, तरी सरासरी अकराव्या हिश्श्याच्याच फायली हलतात. या कामातून १९९८ मध्ये अकामाय ही सीडीएन कंपनी उभी राहिली. लेविन ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात विमानात मारले गेले.

आज सिडनीतला एज सर्व्हर, म्हणजे सीडीएनचा वाचकाजवळचा सर्व्हर, १० मिलिसेकंदांवर असेल, तर त्याच चार फेऱ्या ४० मध्ये आटोपतात. लॉगिननंतरचं पान सहसा कॅश करता येत नाही, ते लंडनहूनच आणावं लागतं. तरीही फायदा होतो: सुरुवातीच्या जोडणीच्या फेऱ्या जवळच होतात, एजची लंडनशी जोडणी आधीच उघडी असते, त्यामुळे लांबची फेरी एकच उरते. सेकंदाऐवजी ३०० मिलिसेकंदांच्या आत काम होतं, अधिक सर्व्हरला पान तयार करायला लागेल तो वेळ.

सीडीएन लावूनही साइट रेंगाळत असेल, तर आपल्या साइटवरच्या फाइलचा पत्ता घालून ही कमांड दोनदा चालवून बघा:

```
curl -sI https://example.com/logo.png
```

उत्तरात `Age: 5400` दिसलं, तर प्रत दीड तासापूर्वीची, कॅशमधली आहे. `Age` दोन्ही वेळा नसेल किंवा शून्यच राहत असेल, तर प्रत्येक मागणी मूळ सर्व्हरकडे जात असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी आधी `Cache-Control` मध्ये `private` किंवा `no-store` आहे का ते पाहा, मग `Set-Cookie`. साध्या चित्रासोबतही कुकी पाठवली जात असेल, तर अनेक सीडीएन ते साठवतच नाहीत.