कपडे धुण्याचे डिटर्जंट : पावडर, द्रव आणि पॉड

कपडे धुण्याचे डिटर्जंट मुख्यतः तीन रूपांत मिळते : पावडर, द्रव (लिक्विड) आणि पाण्यात विरघळणाऱ्या पातळ आवरणातील पॉड. तिन्हींतील मळ काढणारे घटक बरेचसे सारखे असतात. फरक पडतो तो त्यांच्यासोबत काय घालता येते यात, आणि तो सर्वांत ठळक दिसतो जड पाण्यात. त्यामुळे निवड करताना आधी पाणी पाहावे, मग मशीन आणि शेवटी कापड.

पाण्याचा जडपणा म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम. तो कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरला किती मिलिग्रॅम असे मोजतात. 60 पर्यंतचे पाणी मृदू, 120 च्या पुढचे जड आणि 180 च्या पुढचे फार जड मानले जाते. मोजपट्टी नसेल तर बाटलीत अर्धे पाणी घेऊन त्यात साध्या साबणाचा (डिटर्जंटचा नव्हे) थोडा किस टाकावा आणि जोराने हलवावे. मृदू पाण्यावर फेस टिकतो. जड पाणी दुधाळ होते आणि वर चिकट साय धरते.

कॅल्शियम डिटर्जंटमधील मळ काढणाऱ्या रेणूंना धरून बसतो, आणि तेवढे डिटर्जंट मळासाठी उरत नाही. हे किती होते ते हिशेब करूनच कळते. फ्रंट लोड मशीन मुख्य धुण्याला सुमारे 15 लिटर पाणी घेते असे धरू. जडपणा 300 असेल तर त्या पाण्यात 4.5 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा आला. डिटर्जंटांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एलएएस या घटकाचे सुमारे 30 ग्रॅम अडकवायला तो कागदावर पुरेसा आहे. प्रत्यक्षात सगळेच अडकत नाही, पण 50 मिलिलिटर द्रवात असे घटक एकूण दहा-बारा ग्रॅमच्या आसपास असतात हे लक्षात घेतले की जड पाण्यात द्रव का कमी पडतो ते समजते.

पावडरीत याचा बंदोबस्त आधीच केलेला असतो. तिच्यात धुण्याचा सोडा आणि बहुधा झिओलाइट हे खनिज असते. वरच्या उदाहरणातला सगळा कॅल्शियम बाजूला काढायला साधारण 5 ग्रॅम सोडा पुरतो, आणि 80 ग्रॅम पावडरीत सोडा त्याच्या कितीतरी पट असतो. द्रवात इतका सोडा विरघळलेला ठेवणे अवघड असते, म्हणून तिथे सायट्रेटसारखे घटक वापरतात. तेवढेच काम करायला सोडियम सायट्रेट सुमारे 13 ग्रॅम लागते. बाटलीत ते भरपूर घालणे परवडतही नाही.

दुसरा फरक ब्लीचचा. ऑक्सिजन ब्लीच देणारे सोडियम परकार्बोनेट ओलाव्यात विघटित होते, त्यामुळे ते पावडरीतच टिकते, द्रवात नाही. काही पॉडमध्ये पावडरीसाठी वेगळा कप्पा असतो, तिथे ते असू शकते. सगळ्याच पावडरींत मात्र ते नसते, वेष्टन वाचावे. ते 60 अंश सेल्सियसला चांगले काम करते आणि सोबत सक्रियक असेल तर 40 ला सुद्धा. गार पाण्यात त्याचा फारसा उपयोग नाही. पांढऱ्या सुती कपड्यांवरचे चहाचे, फळांच्या रसाचे डाग पावडरीने निघतात आणि द्रवाने पुसट होऊन राहतात, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

एक नेहमीची तक्रार पाहू : फ्रंट लोड, पाणी 300, पांढरे सुती टॉवेल, 30 अंश, द्रव 40 मिलिलिटर. काही महिन्यांत टॉवेल करडे आणि कडक होतात, पाणी टिपत नाहीत. लोक सॉफ्टनर वाढवतात. त्याने टॉवेल हाताला मऊ लागतो, पण धाग्यावर तेलकट थर चढून पाणी आणखीच कमी टिपतो. खरे तर धाग्यांत कॅल्शियमचा साका आणि न निघालेला मळ साठलेला असतो. त्यासाठी 5 लिटर कोमट पाण्यात 15 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून टॉवेल अर्धा तास भिजवावेत आणि नीट खळबळावेत. मग ब्लीच असलेल्या 80 ते 100 ग्रॅम पावडरीने 60 अंशांवर धुवावेत. आम्ल आणि पावडर एकत्र टाकू नये. दोघे एकमेकांना मारतात. क्लोरीन ब्लीचजवळ तर आम्ल कधीच नेऊ नये, विषारी वायू निघतो.

पावडरीचेही दुखणे आहे. गडद कपड्यांवर पांढरी भुकटी राहिली तर ती चमचाभर कोमट पाण्यात टाकावी. विरघळली तर ती न विरघळलेली पावडरच : मशीन ठासून भरले असेल किंवा पाणी गार असेल. नाही विरघळली तर वर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले तर ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे पाण्याच्या मानाने पावडर कमी पडली. बुडबुडेही नाहीत तर बहुधा झिओलाइट. एकदा जास्तीचे खळबळणे पुरते.

मशीन बदलले की पाणी बदलते, आणि पाण्यासोबत जडपणाचे ओझेही. टॉप लोड मशीनने तेच पाणी 45 लिटर घेतले तर कॅल्शियम तिप्पट होतो. अशा वेळी 20 ग्रॅमचा एक पॉड अपुरा पडतो, आणि अर्धा जास्त टाकायचा म्हटले तर पॉड कापता येत नाही. पॉडची खरी अडचण हीच : माप ठरलेले. मृदू पाणी, मध्यम भार आणि फ्रंट लोड असेल तर तो सोयीचा. तो रिकाम्या ड्रममध्ये तळाशी आधी ठेवावा, मग कपडे. ड्रॉवरमध्ये टाकू नये. गार पाणी, 15-20 मिनिटांचे चक्र किंवा गच्च ड्रम असेल तर आवरण कपड्यांच्या घडीत अडकते आणि वाळल्यावर चकचकीत, कडक पट्टा दिसतो. इस्त्रीआधीच तो भाग कोमट पाण्यात भिजवावा. उष्णता लागली की आवरण धाग्यात बसते.

उलट, मृदू पाण्यात फ्रंट लोडला पावडर किंवा द्रव जास्त पडले तर फेस होतो. फेसाच्या गादीवर कपडे आपटतच नाहीत, मळ तसाच राहतो आणि मशीन खळबळण्याच्या फेऱ्या वाढवते. दोन टबांच्या मशीनमध्ये तेच पाणी अनेक भारांना वापरतात, तिथे पावडर आधी बादलीत विरघळवून घ्यावी आणि पांढरे कपडे पहिल्या भाराला टाकावेत.

कापडाचा विचार त्यामानाने सोपा. पॉलिएस्टरच्या व्यायामाच्या कपड्यांत घामातले तेल धरून बसते, तिथे द्रव सरस. तो थेट काखेच्या डागावर चोळून दहा मिनिटे ठेवता येतो. गडद रंगांनाही द्रवच बरा. लोकर आणि रेशीम हे प्रथिनांचे धागे असल्याने त्यांना पावडरीचा अल्कलीपणा मानवत नाही, आणि प्रथिने पचवणारे प्रोटीएज हे विकर असलेले कोणतेच डिटर्जंट चालत नाही, मग ते द्रव असो वा पॉड. त्यांच्यासाठी लोकरीचे खास उदासीन द्रव घ्यावे.

पॉडमध्ये डिटर्जंट अतिशय सांद्र असते आणि ओल्या हाताने धरताच आवरण मऊ होते. मुले खाऊ समजून ते चावतात. घशाला आणि डोळ्यांना गंभीर इजा झाल्याच्या घटना आहेत. डबा झाकण लावून, मुलांच्या हाताबाहेर आणि कोरड्या जागी ठेवावा. डोळ्यात द्रव उडाले तर लगेच वाहत्या पाण्याखाली निदान 15 मिनिटे डोळा धुवावा आणि डॉक्टरांकडे जावे.