नकाराधिकारावरील भाषण: फ्रान्स-मेक्सिको जाहीरनामा आणि ‘अ‍ॅक्ट’ची आचारसंहिता

ठाणे आणि नवी मुंबईतील महाविद्यालयांच्या आंतरविद्यापीठ वादविवाद स्पर्धेसाठी ‘सामूहिक अत्याचारांच्या प्रसंगी नकाराधिकार मर्यादित करावा’ या विषयाची तयारी करणारे विद्यार्थी 2015 मधील दोन दस्तऐवज एकच समजतात. प्रतिपक्ष नेमका इथेच घाव घालतो.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत अमेरिका, रशिया, चीन, फ्रान्स आणि ब्रिटन या पाच स्थायी सदस्यांपैकी एकाच्याही विरोधी मताने ठराव पडतो, हाच नकाराधिकार. दोन दस्तऐवजांपैकी फ्रान्स आणि मेक्सिको यांचा जाहीरनामा फक्त या पाच स्थायी सदस्यांना उद्देशून आहे: वंशसंहारासारखे सामूहिक अत्याचार घडत असतील, तर त्यांनी स्वेच्छेने आणि एकत्रितपणे नकाराधिकार वापरू नये. ‘अ‍ॅक्ट’ या देशांच्या गटाची आचारसंहिता मात्र सुरक्षा परिषदेच्या प्रत्येक सदस्याला, म्हणजे निवडून आलेल्या दहांनाही, लागू होते. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे किंवा युद्धगुन्हे रोखणाऱ्या विश्वासार्ह ठरावाविरुद्ध मत देणार नाही, असे वचन तिच्यावर सही करणारा देश देतो. तिला 120 हून अधिक देशांचा पाठिंबा आहे, पण स्थायी सदस्यांपैकी केवळ फ्रान्स आणि ब्रिटन त्यात आहेत. म्हणून ‘120 देशांनी नकाराधिकार मर्यादित केला’ हे वाक्य भाषणात आले, तर ते चुकीचे ठरेल.

हा फरक 22 मे 2014 च्या मतदानावर तपासून पाहावा. सीरियाचे प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवण्याच्या ठरावाला 13 मते मिळाली, परंतु रशिया आणि चीन यांच्या नकाराधिकारामुळे तो फेटाळला गेला. तेव्हा हे दोन्ही दस्तऐवज अस्तित्वात असते, तर जाहीरनाम्याने या दोन देशांकडून संयमाची अपेक्षा केली असती. आचारसंहितेची व्याप्ती त्याहून मोठी आहे, कारण मंजुरीसाठी नऊ मतेही लागतात, आणि निवडून आलेला सदस्य विरोधात गेला, तर ठराव नकाराधिकाराविनाही पडू शकतो. माझ्या मते भाषणाचा कणा म्हणून आचारसंहिताच घ्यावी. गुन्ह्यांची नावे तिच्यात स्पष्ट आहेत.

‘संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम 108 नुसार दुरुस्तीला पाचही स्थायी सदस्यांची मान्यता लागते, मग हे अशक्यच नाही का?’ असा प्रश्न हमखास येईल. उत्तर ठाम द्यावे: दोन्ही दस्तऐवज सनद बदलत नाहीत, कलम 27 ने दिलेला अधिकार विशिष्ट प्रसंगी न वापरण्याचे ते राजकीय वचन आहे. त्याची मर्यादाही प्रतिपक्षाने दाखवण्याआधी आपणच मांडावी. ‘विश्वासार्ह ठराव’ कोणता, हे ठरवणारी यंत्रणा संहितेत नाही. तो निर्णय प्रत्येक देश स्वतः घेतो आणि वचन मोडल्यास कायदेशीर शिक्षा नाही. ही उणीव असूनही प्रस्ताव टिकतो, कारण लेखी वचन दिलेल्या देशाला विरोधी मताचे जाहीर समर्थन करावे लागते. शिवाय एप्रिल 2022 च्या आमसभेच्या ठरावानुसार, नकाराधिकार वापरला गेला की दहा कामकाजी दिवसांत त्यावर आमसभेत चर्चा बोलावली जाते.