दाबून बघू नका! हॉटेलच्या किचनमधले फायर सिलिंडर आणि गॅस

"तुम्ही भरून दिलेला फायर सिलिंडर पंधरा दिवसांत उतरला. काटा लालमध्ये गेलाय, बदलून द्या." असा फोन आम्हाला वरचेवर येतो. आम्ही जातो, सिलिंडर भिंतीवरून उतरवतो आणि एकच विचारतो, कुणी दाबला होता का? आधी सगळे नाही म्हणतात. मग मोरीवरचा पोरगा हळूच सांगतो, नवीन मॅनेजर आले त्या दिवशी "चालतो का बघू" म्हणून मागच्या बोळात जरासा उडवला होता.

हे पत्रक त्या "जरासा"पायी काढलं आहे. बाकीचं ओघात येईलच.

तुमच्या दारापाशी टांगलेल्या एबीसी सिलिंडरमध्ये खाली पावडर असते आणि वर दाबाने भरलेला नायट्रोजन. दांडा दाबला की व्हॉल्व्ह उघडतो आणि नायट्रोजन पावडरीला नळीतून बाहेर ढकलतो. दांडा सोडला की व्हॉल्व्ह बसायला हवा. पण त्या बैठकीवर पावडरीचे चार कण अडकलेले असतात, म्हणून तो पुरता बसत नाही. त्या फटीतून नायट्रोजन निघत राहतो. आवाज नाही, वास नाही. दोन दिवस काटा हिरव्यातच दिसतो, त्यामुळे तुम्ही निश्चिंत असता. आठ-पंधरा दिवसांत तो लालमध्ये उतरतो.

एका मिसळीच्या हॉटेलातला सिलिंडर आम्ही मालकांसमोर काट्यावर ठेवला. सहा किलो पावडरीचा होता, लेबलवर पूर्ण भरलेलं वजन 9 किलो 300 ग्रॅम. काट्यावर भरलं 9 किलो 150. म्हणजे उडालेली पावडर जेमतेम दीडशे ग्रॅम, वाटीभर. उरलेली जवळजवळ सगळी आतच होती, पण तिला बाहेर ढकलायला दाब शिल्लक नव्हता. आग लागली असती तर दांडा दाबल्यावर नळीच्या तोंडाशी थोडी भुकटी सांडली असती, एवढंच.

यावर नेहमीचा वाद असा, की दीडशे ग्रॅमचे पैसे घ्या, पूर्ण रिफिलिंगचे का? कारण काम तेवढंच आहे. उरलेला दाब काढायचा, सिलिंडर खोलायचा, पावडर बाहेर काढून ती गोळा झाली आहे का बघायची, व्हॉल्व्ह सोडवून साफ करायचा, वायसर बदलायचा, पुन्हा भरून दाब द्यायचा आणि गळत नाही ना ते तपासायचं. वाटीभर उडाली काय आणि सगळी उडाली काय, यातली एकही पायरी वाचत नाही. वरून नुसता नायट्रोजन मारून काटा हिरव्यात आणून देणारे लोक आहेत. व्हॉल्व्हमधली पावडर तशीच राहते आणि महिन्याभरात काटा पुन्हा खाली येतो. आम्ही ते करत नाही, मग आम्ही महाग वाटलो तरी चालेल. दाबलेला नसताना उतरलेला सिलिंडर आम्ही फुकट भरून देतो. सील आणि पिन बघून कुठला कोणता ते कळतं.

मग चालू आहे हे कसं कळणार? महिन्यातून एकदा काचेवरचा तेलाचा थर पुसून काटा बघा. किचनमध्ये त्या थराखाली हिरवं काय आणि लाल काय, काही दिसत नाही. सील शाबूत आहे का आणि नळीच्या तोंडात झुरळाचं घर नाही ना, तेही बघा. सिओटूच्या सिलिंडरला काटाच नसतो, त्याचं वजनच करावं लागतं. आतला वायू दहा टक्क्यांहून जास्त घटला असेल तर तो भरायला द्या.

आता कुठला सिलिंडर कुठे? विजेचा बोर्ड, डीप फ्रीज, बिलिंगचा काउंटर इथे सिओटू. स्टोअर, पुठ्ठे, लाकूड, गॅसची टाकी असेल तिथे एबीसी पावडर. भट्टीपाशी, तेलाच्या कढईसाठी के टाइप. बऱ्याच ठिकाणी तिन्ही जागी एबीसीच टांगलेला असतो, कारण त्याच्या नावात तीन अक्षरं आहेत आणि तो स्वस्त आहे. कढईपाशी तो कमी का पडतो, ते जरा सविस्तर सांगतो.

वडे-भजी तळताना तेल 170 ते 190 अंशांवर असतं. महाराज फोनवर गेला, बर्नर मोठाच राहिला, की तेल आधी धूर सोडतं आणि साधारण साडेतीनशे अंशांच्या आसपास कुणी काडी न लावता स्वतःच पेटतं. पावडर मारली की ज्वाळा लगेच विझते, लोक सुटकेचा श्वास टाकतात. पण पावडर तेल थंड करत नाही. कढई तापलेलीच असते, खाली बर्नरही बऱ्याचदा चालूच असतो. पावडरीचा ढग खाली बसला, हवा पोचली की तेल पुन्हा पेटतं, आणि तोपर्यंत सिलिंडर रिकामा झालेला असतो. सिओटूचंही तेच होतं. शिवाय त्याच्या फवाऱ्याने तेल उडतं. पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. ते तेलाच्या तळाशी जातं, क्षणात त्याची सतराशे पट वाफ होते आणि पेटतं तेल थेट छतावर.

के टाइपमध्ये पोटॅशियमच्या क्षारांचं पाणी असतं. लांब दांडीतून ते बारीक तुषारांसारखं, हलकं पडतं. गरम तेलाशी त्याची क्रिया होऊन वर चक्क साबणाचा फेस धरतो. तो फेस हवा तोडतो आणि पाण्यामुळे तेल थंडही होतं. सिलिंडर मात्र एकदम बंद करू नका, फेसाचा थर पुरता बसेपर्यंत मारत राहा. विजेच्या चालू वस्तूंवर तो वापरायचा नाही. किंमत एबीसीपेक्षा बरीच जास्त आहे हे आम्हालाही ठाऊक आहे. पण एका किचनला एक पुरतो, आणि तुमच्याकडे तळण नसेल तर घेऊ नका असं आम्हीच सांगू.

के टाइप असो वा नसो, आधी गॅस बंद. नंतर कढईपेक्षा मोठं, सपाट पत्र्याचं झाकण आपल्या बाजूने पुढे सरकवत ठेवायचं, वरून आपटायचं नाही. झाकण लगेच उचलून बघायचं नाही. कढईला हात लावता येईपर्यंत ती तशीच. मोठ्या कढईला याला बराच वेळ लागतो, तेवढा वेळ ऑर्डर थांबवा. झाकण भट्टीशेजारी खिळ्यावरच टांगलेलं हवं. बहुतेक किचनमध्ये ते कपाटात, परातींच्या खाली सापडतं.

गॅसचा वास आला तर काय करायचं हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पहिला हात एक्झॉस्टच्या बटणाकडे जातो. वास यावा म्हणून गॅसमध्ये मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत, मोरीत आणि ओट्याखाली साचतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी पेट घेऊ शकतो. बटण चालू करताना ठिणगी पडते तशी बंद करतानाही पडते. म्हणून बटणाला हात न लावता टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा आणि फोन बाहेर जाऊन करा. गॅस गळतीसाठी 1906, अग्निशमन दलासाठी 101. नळीच्या तोंडाशी गॅस पेटलेलाच असेल तर ज्वाळा विझवायची घाई करू नका. आधी व्हॉल्व्ह बंद करा, ज्वाळा आपोआप जाते. ज्वाळा विझली आणि गॅस चालूच राहिला तर तो खोलीभर पसरतो, आणि ते जास्त वाईट.

गळती शोधायला साबणाचं पाणी आणि स्पंज. काडीपेटीने शोधणारे वस्ताद अजून आहेत. रात्री बंद करताना आधी टाकीचा व्हॉल्व्ह, पाइपातला गॅस जळून बर्नर विझला की मग बर्नरचा कॉक. रात्रभर पाइपात गॅसच उरत नाही. सकाळी सगळे बर्नर बंद ठेवून टाक्यांचा व्हॉल्व्ह उघडा, पाइपवरच्या गेजचा काटा चढला की व्हॉल्व्ह परत बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. काटा उतरला तर कुठेतरी गळतंय. तेवढ्यात चहाचं आधण... नाही, चहा नंतर.

अलीकडे बऱ्याच हॉटेलांनी टाक्या सोडून पाइपगॅस घेतला, पण गॅस डिटेक्टर जुन्याच जागी, जमिनीपासून वीतभर उंचीवर राहिला. पाइपातला नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. डिटेक्टर वर हलवा. आम्ही सर्व्हिसिंगला येऊ तेव्हा आठवण केली तर हलवून देऊ. टाक्याच वापरत असाल तर लक्षात ठेवा, विनापरवाना 100 किलोपर्यंतच गॅस साठवता येतो. 19 किलोच्या पाच टाक्या झाल्या 95. सणासुदीला सहावी आणली की हद्द ओलांडली.

राहिली कवायत. "चालतो का बघू" ही इच्छा आम्हाला कळते. माणसाने आयुष्यात एकदा तरी सिलिंडर दाबलेला असावा, नाहीतर ऐन वेळी पिन न काढता दांडा दाबत बसतात. म्हणून आमची पद्धत अशी आहे, की ज्या दिवशी तुमच्या सिलिंडरची रिफिलिंगची तारीख असते त्या दिवशी त्यातली जुनी पावडर तुमच्या पोरांच्या हातूनच उडवायची. जेवणाची गर्दी संपून संध्याकाळचं तळण सुरू व्हायच्या आधी, चार वाजता, मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या ट्रेमध्ये आग लावतो. दोन-तीन मीटरवरून, वारा पाठीशी घेऊन, ज्वाळेच्या मुळाशी मारायचं. सहा किलोचा सिलिंडर वीसेक सेकंदांत संपतो, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

त्याआधी किचनमध्ये एक फेरी कोरडी. आम्ही "कढई पेटली" म्हणून ओरडतो आणि घड्याळ लावतो. एका हॉटेलात पहिल्या खेपेला टाकीचा व्हॉल्व्ह बंद व्हायला दोन मिनिटं लागली, कारण टाक्यांच्या जाळीला कुलूप होतं आणि किल्ली गल्ल्यात, गल्ला मालकांच्या ताब्यात, मालक देवळात. आता किल्ली जाळीशेजारी काचेच्या डबीत असते. दुसऱ्या खेपेला वीस सेकंद. भट्टीवरचा माणूस गॅस बंद करतो, त्याच्या हाताखालचा झाकण आणि सिलिंडर घेतो, कॅप्टन गिऱ्हाइकांना बाहेर काढतो, काउंटरवरचा फोन लावतो. नावं ठरवून भिंतीवर लिहा आणि कामाला नवीन माणूस आला की पाटी बदला, कारण हॉटेलात माणसं टिकत नाहीत.

कवायतीचे वेगळे पैसे नाहीत, रिफिलिंगमध्येच धरले आहेत. आग विझवायची साधनं चालू असल्याच्या सहामाही दाखल्यासाठी, म्हणजे फॉर्म बी साठी, जानेवारी आणि जुलैत सगळ्यांची एकदम धावपळ होते. डिसेंबर आणि जूनमध्ये वेळ ठरवलीत तर चारची वेळ मिळेल. नंतर सकाळी अकराची मिळते, आणि तेव्हा तुमचंच तळण चालू असतं.