एनएमएमएस शिष्यवृत्ती: पात्रता ठरवताना कुठे ‘आणि’, कुठे ‘किंवा’

“सर, आमची मुलगी एससीमध्ये येते, मग सातवीचे टक्के कशाला बघता?” आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीच्या एनएमएमएस परीक्षेचे अर्ज भरायला लागलो की हा प्रश्न येतोच. सोलापुरात घरी आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर जातात, अशा घरांतली बरीच मुलं आमच्या वर्गात असतात. नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,०००, ही रक्कम त्या घरात फार मोठी असते. म्हणून अर्ज भरण्याआधीच पात्रता नीट वाचावी.

अर्ज आठवीत असताना करायचा. अट अशी: आई-वडील दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांपर्यंत आणि सातवीला किमान ५५ टक्के. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या मुलांना ५० टक्के चालतात. शाळा शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेची हवी. विनाअनुदानित, केंद्रीय, नवोदय शाळांतली मुलं बसत नाहीत.

इथे ‘किंवा’ फक्त टक्क्यांपुरता आहे. उत्पन्नाची अट त्याच्या बाहेर आहे आणि ती सगळ्यांना लागू आहे. मनात कंस टाकून वाचलं की उलगडतं: उत्पन्न मर्यादेत आणि (५५ टक्के किंवा (५० टक्के आणि एससी-एसटी)). म्हणजे प्रवर्गामुळे टक्क्यांत पाचाची सूट मिळते. अट माफ होत नाही.

वर्गाची यादी एक्सेलमध्ये असेल तर हे सूत्र चालतं. C मध्ये उत्पन्न, D मध्ये टक्के, E मध्ये प्रवर्ग:

```
=IF(AND(C2<=350000,OR(D2>=55,AND(D2>=50,OR(E2="SC",E2="ST")))),"पात्र","अपात्र")
```

आता तीन मुलं घेऊ. पहिली मुलगी एससी, सातवीला ५२.४ टक्के, वडिलांचे १,८०,००० आणि आईचे ६०,००० मिळून २,४०,०००. पात्र. दुसरा मुलगा पद्मशाली समाजाचा, ५४.६ टक्के, उत्पन्न १,५०,०००. अपात्र. त्याच्याकडे विशेष मागास प्रवर्गाचा दाखला आहे, पण टक्क्यांची सूट एससी-एसटीलाच आहे. ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास यांना ५५ च लागतात. हे पालकांना समजावताना मला फार जड जातं, पण परीक्षेची तयारी करून घेऊन नंतर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. तिसरा मुलगा एससी, ५३ टक्के, पण दोघे पालक मिळून ४,१०,०००. अपात्र.

सूत्रातली चूक या तिसऱ्या मुलावर उघडी पडते. कंस असा पडला तर काय होतं बघा:

```
=OR(AND(C2<=350000,D2>=55),AND(D2>=50,OR(E2="SC",E2="ST")))
```

आता एससी-एसटीच्या मुलांचं उत्पन्न कोणी तपासतच नाही, आणि तो मुलगा TRUE ठरतो. यादी खरी लावण्याआधी असा एक मुद्दाम अपात्र विद्यार्थी घालून बघायची सवय ठेवा.

बाकी घोळ भरताना होतात. टक्क्यांच्या रकान्यात 55% टाइप केलं की एक्सेल ते 0.55 धरतं, आणि हुशार मुलगीही अपात्र होते. उलट “48 टक्के” असं अक्षरांत लिहिलं तर तो मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा मानला जातो, म्हणून ते मूल पात्र दिसतं. नुसता आकडा भरा. दशांश लपवले तर ५४.६ पडद्यावर ५५ दिसतात, पण सूत्र ५४.६ च मोजतं. पात्र-अपात्र डोळ्यांना पटत नसेल तर आधी ही तीन कारणं बघा. “SC” नंतर चुकून स्पेस पडली तरी सूट मिळत नाही. मग सूत्रात E2 च्या जागी TRIM(E2) लिहावं.

कागदपत्रांत सातवीची गुणपत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. सूट हवी असेल तर जातीचा दाखलाही. नोकरदार पालकांनी उत्पन्नाचा दाखला कार्यालयप्रमुखाकडून आणावा, बाकीच्यांनी तहसीलदारांचा. दाखल्यात फक्त वडिलांचं उत्पन्न आहे का, हे मी स्वतः वाचतो. आईच्या विड्यांची मजुरी बरेच जण मोजतच नाहीत.

अर्ज महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर शाळेमार्फत भरला जातो, पालकांनी वेगळा भरायचा नाही. परीक्षेत बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे ९०-९० गुणांचे दोन पेपर असतात. तिथे मात्र बेरीज बघतात: दोन्ही पेपर मिळून ४० टक्के हवेत, एससी-एसटीला ३२. एका पेपरात ५० गुण आणि दुसऱ्यात २० असतील तर खुल्या प्रवर्गातला विद्यार्थी बाद होतो, कारण १८० चे ४० टक्के ७२ होतात. एससी-एसटीला मात्र ५८ पुरतात.